खेकडा म्हणावे कोणाला? छायाचित्रातून तिघांची ओळख

मृगाचे पहिले पाऊस पडले की गोव्यात खेकड्यांची छायाचित्रे हातोहात फिरू लागतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या बाजूने ओढ्याकाठी दिसलेला तपकिरी खेकडा येतो. किनाऱ्यावर फिरून आलेल्या कोणाकडून वाळूवर चालणारा शंख येतो. अधूनमधून ढालीसारख्या पाठीचा आणि लांब काट्यासारख्या शेपटीचा एक चमत्कारिक प्राणीही येतो आणि त्याखाली ‘आपल्याच किनाऱ्यावर सापडला’ असा मजकूर असतो. तिघांनाही बोलण्यात खेकडा म्हटले जाते. पहिला गोड्या पाण्यातला खेकडा, दुसरा शंखवासी खेकडा म्हणजे हर्मिट क्रॅब आणि तिसरा घोड्याच्या नालेच्या आकाराचा नालखेकडा म्हणजे हॉर्सशू क्रॅब.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यांतला पहिलाच खरा खेकडा आहे. दुसरा खेकड्यांचा जवळचा आप्त असला तरी त्याचे कूळ वेगळे आहे. तिसरा तर कवचधारी खेकडा-कोळंबीच्या वर्गातलाच नव्हे. त्याचे नाते कोळी आणि विंचू यांच्याशी लागते. नावातला हा घोळ केवळ पुस्तकी असता तर सोडून देता आला असता. परंतु छायाचित्र चुकीचे ओळखले गेले की परराज्यातील प्राण्याची नोंद गोव्याच्या नावावर चढते, कायद्याने संरक्षित प्राणी कोणीतरी उचलून घरी आणतो, आणि शोभेचा म्हणून खिशात टाकलेल्या शंखात एक जिवंत प्राणी गुदमरून मरतो. खाण्याच्या बाबतीत तर चूक जिवावरही बेतू शकते, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

तिघांना वेगळे करण्यासाठी भिंगाची किंवा प्रयोगशाळेची गरज नाही. छायाचित्राला तीन प्रश्न विचारावे लागतात. कवच कोणाचे आणि कसे आहे? पाय किती आणि कसे दिसतात? आणि प्राणी कोठे आहे? प्रश्नांचा क्रमही हाच ठेवणे हिताचे आहे, कारण कवच आणि पाय हे खुद्द प्राण्याच्या अंगावरचे पुरावे आहेत, तर ठिकाण बहुधा छायाचित्राखालच्या मजकुरातून कळते आणि मजकूर कोणीही लिहू शकतो.

पहिला प्रश्न : कवच

गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे कवच त्याच्या स्वतःच्या अंगाचा भाग असते. वरून पाहिले तर ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त, पुढच्या बाजूला फुगीर आणि मागे निमुळते होत गेलेले दिसते. पाठ बहुधा गुळगुळीत असते. डोळे पुढच्या कडेला, लहान देठांवर असतात. शेपटी दिसत नाही, कारण खेकड्याचे पोट चपटे होऊन छातीखाली घडी घालून बसलेले असते. खेकडा उलटा असलेले छायाचित्र मिळाले तर ही घडी स्पष्ट दिसते. नराची घडी अरुंद असते आणि मादीची रुंद, जवळजवळ सगळी छाती झाकणारी.

येथे एक पोटप्रश्न उभा राहतो. गोव्याच्या बाजारात येणारी मोठी कुर्ली, म्हणजे खाडीच्या चिखलातली चिंबोरीही असेच रुंद कवच मिरवते. तिला वेगळे काढण्यासाठी कवचाची पुढची-बाजूची कड पाहावी. चिंबोरीच्या कवचावर डोळ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत प्रत्येक बाजूला करवतीसारखे नऊ दाते असतात. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्याची ही कड बहुतांशी गोलसर असते आणि तिच्यावर डोळ्यामागे फार तर एखादा लहानसा दाता आढळतो. करवत दिसली की तो ओढ्यातला खेकडा नाही, एवढे छायाचित्रावरून ठामपणे म्हणता येते.

शंखवासी खेकड्याचे कवच मात्र उसने असते. त्याच्या शरीराचा पुढचा भाग, म्हणजे डोके, नांग्या आणि पुढचे पाय, टणक असतो. पोट मात्र मऊ, कवचहीन आणि एका बाजूला पीळ पडलेले असते. ते झाकण्यासाठी तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात मागून शिरतो. पोटाच्या टोकाशी असलेले आकड्यासारखे अवयव शंखाच्या आतल्या मधल्या खांबाला घट्ट पकडून ठेवतात. म्हणूनच त्याला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला तर पकड सुटण्याऐवजी शरीर तुटते. प्राणी वाढला की शंख अपुरा पडतो आणि त्याला मोठे घर शोधावे लागते. शंख न मिळाल्यास बाटलीचे झाकण किंवा प्लास्टिकचा तुकडा पाठीवर घेतलेले शंखवासी खेकडेही जगभर पाहण्यात आले आहेत.

म्हणून छायाचित्रात गुंडाळीचा शंख दिसला की पुढचा प्रश्न असा की शंखात मूळ मालक आहे की भाडेकरू. मूळ मालक, म्हणजे समुद्री गोगलगाय, असेल तर शंखाच्या तोंडातून मांसल, सपाट, ओलसर पाऊल बाहेर येते आणि ती आत गेली की अनेक जातींत तोंडावर एक टणक झाकण बसते. भाडेकरू असेल तर तोंडाशी सांधे असलेले पाय, देठांवरचे दोन डोळे आणि लांब मिशांसारख्या स्पर्शिका दिसतात. खेकडा घाबरून आत शिरला असला तरी शंखाच्या तोंडाशी नांगी आडवी धरलेली बहुधा दिसतेच. तीच त्याच्या दाराची कडी असते.

नालखेकड्याचे कवच या दोघांपेक्षा निराळ्या घडणीचे आहे. त्याच्या शरीराचे वरून तीन भाग दिसतात. पुढे नालेच्या आकाराची मोठी, घुमटासारखी फुगीर ढाल, तिच्यामागे सांध्याने जोडलेली लहान ढाल, जिच्या दोन्ही कडांना काटे असतात, आणि अगदी मागे एकच लांब, ताठ, टोकदार शेपटी. खऱ्या खेकड्याला अशी शेपटी नसते आणि शंखवासी खेकड्याची दिसत नाही. त्यामुळे हे एक लक्षण पुष्कळदा पुरेसे ठरते. डोळेही कवचाच्या वरच्या बाजूला, डावी-उजवीकडे एकमेकांपासून दूर, कवचातच बसवलेले असतात. देठांवर उभे डोळे नालखेकड्याला कधीच नसतात, आणि स्पर्शिकाही नसतात.

ही शेपटी भीतिदायक दिसत असली तरी तिच्यात विष नाही आणि ती नांगीसारखी मारलीही जात नाही. लाटेने उलटा पडलेला प्राणी तिच्या आधाराने स्वतःला सरळ करतो. पूर्ण वाढलेली मादी शेपटीसह फूट-दीड फूट भरते. छायाचित्रात माणसाचा हात किंवा चप्पल शेजारी असेल तर या मापाचाही उपयोग होतो, कारण गोड्या पाण्यातला आपल्याकडचा खेकडा माणसाच्या तळहातात मावतो आणि किनाऱ्यावरचे बहुतेक शंखवासी खेकडे बोटाच्या पेरापासून लिंबाएवढे असतात.

दुसरा प्रश्न : पाय

कवच चिखलाने माखलेले असेल किंवा छायाचित्र बाजूने काढलेले असेल तर पाय मदतीला येतात. खऱ्या खेकड्याला पायांच्या पाच जोड्या असतात. पहिल्या जोडीच्या नांग्या होतात, ज्यांना कोकणात डेंगे म्हणतात, आणि उरलेल्या चार जोड्या चालण्यासाठी असतात. म्हणजे गोड्या पाण्यातल्या धडधाकट खेकड्याचे छायाचित्र वरून काढले असेल तर दोन नांग्या आणि आठ पाय मोजता आले पाहिजेत. शेवटची जोडीही बाकीच्यांसारखीच टोकदार असते. चिंबोरीत हीच शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी झालेली असते, कारण तिला पोहायचे असते. दात्यांची करवत दिसत नसेल तर हे वल्हे तरी दिसते का, ते पाहावे.

शंखवासी खेकड्यालाही पायांच्या पाच जोड्याच असतात, पण छायाचित्रात त्यांपैकी तीनच दिसतात. दोन नांग्या आणि चालण्याचे चार पाय बाहेर असतात. चौथी आणि पाचवी जोडी अगदी आखूड होऊन शंखाच्या आत राहते. शंख आतून तोलून धरणे हे तिचे मुख्य काम. त्यामुळे ‘दोन आणि चार’ ही मोजणी शंखवासी खेकड्याची खूण आहे. नांग्यांकडेही लक्ष द्यावे. आपल्या किनाऱ्यावरच्या डायोजेनिस या प्रजातीच्या शंखवासी खेकड्यांची डावी नांगी उजवीपेक्षा ठळकपणे मोठी असते, तर क्लिबॅनेरियस या प्रजातीत दोन्ही नांग्या जवळपास सारख्या असतात. छायाचित्र आरशासारखे उलटे झाले असेल, जे स्वतःचे छायाचित्र काढण्याच्या कॅमेऱ्यात सहज होते, तर डावे-उजवे फसते. म्हणून या खुणेवर एकटीवर विसंबू नये.

नालखेकड्याचे पाय वरून दिसतच नाहीत. सगळे ढालीखाली झाकलेले असतात. प्राणी उलटा असलेले छायाचित्र मिळाले तर मात्र ओळख पक्की होते. तोंडापुढे अगदी लहान चिमट्यांची एक जोडी असते, तिच्यामागे मोठ्या पायांच्या पाच जोड्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक सर्वांच्या टोकाला चिमटा असतो. खेकड्यात चिमटा फक्त पहिल्या जोडीला असतो, इथे जवळजवळ प्रत्येक पायाला, हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही. शेवटची जोडी चिखलात रुतून पुढे रेटण्यासाठी वेगळ्या घडणीची असते. पायांच्या मागे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले कल्ले दिसतात. या रचनेमुळेच त्यांना पुस्तकी कल्ले म्हणतात.

पाय मोजताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तुटलेल्या पायांचा विचार न करणे. खेकडे संकटात पाय सोडून देतात आणि पुढे कात टाकताना तो पुन्हा वाढवतात. सहा पायांचा खेकडा दिसला म्हणून तो लगेच वेगळ्या कुळातला ठरत नाही. पाय दोन्ही बाजूंना समान आहेत का, तुटलेल्या जागी खुंट दिसतो का, एखादा पाय बाकीच्यांहून बारीक आणि फिका म्हणजे नव्याने उगवलेला आहे का, हे पाहूनच आकडा पक्का करावा. दुसरी चूक रंगावर भरवसा ठेवण्याची. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत मातकट तपकिरीपासून नारिंगी-जांभळ्यापर्यंत सर्व छटा आढळतात. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर परिसरातून २०२२ मध्ये जगासमोर आलेल्या घाटियाना द्विवर्णा या जातीचे तर नावच तिच्या पांढऱ्या आणि जांभळट-लाल अशा दोन रंगांवरून पडले आहे. असा भडक रंगाचा खेकडा दिसला की तो परदेशी असावा अशी शंका येते, परंतु कवच आणि पाय गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे असतील तर रंगाने बिचकण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : ठिकाण

तिघांची घरे एकमेकांपासून बरीच दूर आहेत. गोड्या पाण्यातले खेकडे ओढे, झरे, भातशेतीचे बांध, दगडांच्या कपारी आणि जांभ्या दगडाच्या सड्यावरील भोके इथे राहतात. हवेतला ओलावा पुरेसा असेल तर ते पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतात, म्हणून पावसाळी रात्री ते रस्त्यावर, अंगणात, देवळाच्या पायरीवरही दिसतात. केरळमध्ये २०१७ मध्ये कानी मरंजंडू या नावाने नोंदवलेली जात तर झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात राहते. समुद्राशी मात्र यांचा आयुष्यात कधीच संबंध येत नाही. समुद्री खेकड्यांच्या अंड्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात आणि त्या पाण्यात तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाच्या घडीखाली राहतात. त्यामुळे पोटाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पूर्ण आकाराची पिल्ले बाळगणाऱ्या खेकड्याचे छायाचित्र आले तर तो गोड्या पाण्यातलाच, असे निःशंक म्हणता येते. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री विजेरी घेऊन खेकडे पकडणाऱ्यांच्या टोपलीत अशा माद्या सर्रास येतात, आणि एका मादीबरोबर त्या ओढ्याची पुढची पिढीही जाते.

गोव्यात खाजन शेतीमुळे एक गोंधळ वाढतो. खाजनातले पाणी वरवर शेतातल्या गोड्या पाण्यासारखे दिसते, पण मानशीतून भरतीचे खारे पाणी आत येत असते. तिथल्या बांधावर दिसलेला खेकडा बहुधा चिंबोरी किंवा खारफुटीतल्या इतर खेकड्यांपैकी एखादा असतो. ‘शेतात सापडला’ एवढ्या टिपणीवरून तो गोड्या पाण्यातला ठरवू नये. शेत घाटाच्या पायथ्याचे की मांडवी-झुआरीच्या खाडीकाठचे, हे विचारावेच लागते.

शंखवासी खेकडे गोव्याच्या किनाऱ्यावर सर्वत्र आहेत. वागातोर, हणजूणसारख्या खडकाळ भागात ओहोटीच्या वेळी खडकांत अडकून राहिलेल्या पाण्याच्या डबक्यात ते हमखास दिसतात, आणि खाडीच्या चिखलातही आढळतात. जमिनीवर राहणारे शंखवासी खेकडेही आहेत. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार बेटांवर ते किनाऱ्यापासून आत झाडाझुडपांत फिरताना दिसतात. पिल्ले सोडण्यासाठी मात्र त्यांना समुद्राकडेच परतावे लागते. सुट्टीत बेटांवर जाऊन आलेल्यांच्या छायाचित्रांत शंख घेऊन झाडाखाली चालणारा खेकडा असतो तो हाच.

नालखेकड्याच्या बाबतीत ठिकाणाला सर्वाधिक महत्त्व येते. जगात त्याच्या चारच जाती शिल्लक आहेत. एक उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि तीन आशियात. भारतात यांपैकी दोन जाती आढळतात आणि त्यांची वस्ती ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आहे. ओडिशातील बालेश्वर जिल्ह्याचा चांदीपूरच्या आसपासचा किनारा आणि सुंदरबनाचा परिसर ही त्यांची ओळखीची ठिकाणे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला हे प्राणी अंडी घालण्यासाठी काठावर येतात. मादीच्या पाठीला नर चिकटलेला, अशी एकामागे एक दोन ढालींची जोडी छायाचित्रात दिसली तर तो हाच प्रसंग असतो. दोन्ही भारतीय जाती शेपटीवरूनही वेगळ्या करता येतात. वाळूच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या मोठ्या जातीची शेपटी आडव्या छेदात त्रिकोणी असून तिच्या वरच्या कण्यावर बारीक काटे असतात. खारफुटीतल्या लहान जातीची शेपटी गोल आणि गुळगुळीत असते.

गोव्यासह भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नालखेकड्यांची नैसर्गिक वस्ती नोंदलेली नाही. म्हणून ‘गोव्याच्या किनाऱ्यावर सापडला’ अशा ओळीसह नालखेकड्याचे छायाचित्र आले तर प्राण्याची ओळख बरोबर असूनही ठिकाण चुकीचे असण्याचीच शक्यता जास्त. वाळूवर शेकडोंच्या संख्येने पसरलेले नालखेकडे आणि त्यांच्यामधून अंडी टिपत फिरणारे किनारपक्षी, असे दृश्य असेल तर ते बहुधा अमेरिकेतील डेलावेअर उपसागराच्या काठचे असते. तिथे मे-जूनमध्ये हा सोहळा दरवर्षी भरतो आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरतात.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, ऑगस्टमध्ये एक छायाचित्र येते. सड्यावरच्या पावसाळी डबक्यात ढालीच्या आकाराचा एक छोटा, हिरवट-तपकिरी प्राणी पोहतो आहे, मागे शेपटी आहे, आणि खाली लिहिले आहे : ‘नालखेकड्याचे पिल्लू, आमच्या गावच्या सड्यावर.’ पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत हे पटते, कारण ढाल आहे आणि शेपटीही आहे.

आता तीनही प्रश्न क्रमाने विचारावेत. कवचापासून सुरुवात केली तर ढाल एकच आहे. तिच्यामागे काटेरी कडांची दुसरी ढाल नाही, तर वलयांचे बारीक, लवचीक अंग आहे. डोळे ढालीच्या पुढच्या भागात, मधोमध, एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. नालखेकड्याचे डोळे दूरदूर असतात. शेपटीकडे नीट पाहिले तर टोकाला ताठ काटा नाही, दोन लांब धाग्यांसारखे तंतू आहेत. पायांच्या प्रश्नाला उत्तर असे मिळते की ढालीखालून डोकावणारे पाय मोजण्यापलीकडचे आहेत. पानासारखे, डझनावारी, सतत हलणारे. चिमटे कोठेच नाहीत. ठिकाणाच्या प्रश्नाने तर शेवटची शंकाही दूर होते, कारण डबके पावसाच्या पाण्याचे आहे, समुद्रापासून उंच सड्यावर आहे, आणि नालखेकडा हा समुद्र व खाडीचा जीव आहे. शेजारी ठेवलेल्या नाण्यावरून लांबी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भरते.

हा प्राणी ट्रायॉप्स होय. तो कवचधारी वर्गातला, कोळंबीचा दूरचा नातलग, आणि तात्पुरत्या पावसाळी डबक्यांत काही आठवड्यांत आयुष्य उरकणारा. डबके आटले की तो मरतो, पण चिखलात राहिलेली त्याची अंडी कोरड्या हंगामात टिकून राहतात आणि पुन्हा पाणी साचले की उबतात. म्हणजे पाठवणाऱ्याने पाहिलेली गोष्ट खरी आणि मोलाची होती, नाव तेवढे चुकले. नालखेकड्याचे म्हणून ते छायाचित्र खोटे ठरले असते आणि विसरले गेले असते. ट्रायॉप्सचे म्हणून ते त्या सड्यावरच्या जीवसृष्टीची एक नोंद ठरते.

या उदाहरणात ठिकाण शेवटी आले आणि त्याने अंगावरच्या पुराव्याला दुजोरा दिला. दोघांत विरोध असेल तेव्हा काय करावे? समजा, अंग निर्विवादपणे नालखेकड्याचे आहे आणि ठिकाण मोरजीचे सांगितले जाते. अशा वेळी प्राण्याचे नाव बदलू नये, ठिकाणाची चौकशी करावी. मूळ छायाचित्र कोणी काढले, केव्हा काढले, त्याच वेळची आणखी छायाचित्रे आहेत का, पार्श्वभूमीला गोव्याचा किनारा ओळखू येतो का, हे विचारावे. प्राणी जिवंत होता की नुसते कोरडे कवच होते, हेही विचारावे. नालखेकडा कात टाकतो तेव्हा ढालीच्या पुढच्या कडेला चीर पडते आणि प्राणी पुढून बाहेर निघतो. मागे उरलेले पोकळ कवच हुबेहूब प्राण्यासारखे दिसते. अशी वाळलेली कवचे शोभेच्या वस्तू म्हणून हातोहात प्रवास करतात, त्यामुळे एखादे कवच किनाऱ्यावर मिळाले तरी तो प्राणी तिथे राहतो असे सिद्ध होत नाही.

ओळख चुकल्यास

नालखेकडे भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. पूर्व किनाऱ्यावर सहलीला गेलेल्यांनी ‘खेकडाच तर आहे’ असे म्हणून जिवंत प्राणी उचलणे म्हणूनच गुन्हा ठरू शकतो. त्याला शेपटीला धरून उचलण्याची सवय तर टाळलीच पाहिजे, कारण शेपटीचा सांधा दुखावला की उलटा पडल्यावर त्याला सरळ होता येत नाही. खाण्याचा विचारही मनात आणू नये. खारफुटीतल्या लहान जातीच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन हे फुगा माशात असणारे विष आढळते आणि आग्नेय आशियात तिची अंडी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याचे, मृत्यूही ओढवल्याचे प्रकार घडले आहेत. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही.

शंखवासी खेकड्याच्या बाबतीत चूक रोजच्या सहलीत होते. सुंदर दिसलेला शंख पिशवीत जातो आणि दोन दिवसांनी घरात दुर्गंधी सुटल्यावर आत काय होते ते कळते. शंख उचलण्याआधी तो पाण्याच्या कडेला तोंड वर करून दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावा आणि दूर उभे राहून पाहावे. भाडेकरू असेल तर आधी स्पर्शिका, मग डोळे आणि मग पाय बाहेर येतात. छायाचित्र काढण्याचीही तीच खरी वेळ. शंख रिकामा निघाला तरी तो तिथेच राहिला तर कोणाचे तरी पुढचे घर होतो.

कोणाला ओळख पटवून हवी असेल तर एकाच कोनातील दहा छायाचित्रांपेक्षा तीन वेगळी छायाचित्रे उपयोगी पडतात. एक अगदी वरून, ज्यात कवचाची कड आणि सर्व पाय येतील. दुसरे पुढून किंवा बाजूने, ज्यात डोळे आणि नांग्या दिसतील. तिसरे दोन पावले मागे सरकून, ज्यात प्राण्यासह ओढा, खडक, वाळू किंवा खारफुटी दिसेल. शेजारी नाणे किंवा पेन ठेवले तर मापाचा प्रश्न सुटतो. खालची बाजू पाहण्यासाठी प्राण्याला मुद्दाम उलटे करू नये. तो स्वतः दगडावर चढताना किंवा काचेच्या भांड्यातून दिसला तर गोष्ट वेगळी. सोबत तारीख, गाव आणि पाणी गोडे की खारे एवढे लिहिले की पाहणाऱ्याचे निम्मे काम होते.

छायाचित्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. हा गोड्या पाण्यातला खेकडा आहे, हा शंखवासी आहे, हा नालखेकडा आहे, इतके सांगायला चांगले छायाचित्र पुरते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची नेमकी जात मात्र त्यावरून क्वचितच ठरते. सह्याद्रीतल्या कित्येक जाती एकमेकींसारख्याच दिसतात आणि त्यांना वेगळे करताना तज्ज्ञांना नराच्या प्रजननअवयवांची बारीक रचना तपासावी लागते. म्हणून छायाचित्राखाली ‘गोड्या पाण्यातला खेकडा, अमुक ओढा, अमुक तारीख’ एवढे लिहून थांबणे हे अंदाजाने जातीचे नाव जोडण्यापेक्षा अधिक अचूक असते. अशीच नोंद पुढे तज्ज्ञाला त्या ओढ्यापर्यंत घेऊन जाते.